पोलादाची पट्टी रबराची झाली: एका प्रयोगवहीतल्या मितींची आणि एककांची तपासणी

वहीच्या शेवटच्या पानावर चौकटीत उत्तर होतं: `Y = 8.11 × 10^6 N/m^2`. त्याखाली विद्यार्थ्याची टीप होती, "प्रमाण किंमत 2 × 10^11 आहे. फरक पॅरॅलॅक्समुळे व वाचनातील त्रुटींमुळे आला."

प्रयोग होता पट्टी वाकवून यंगचा गुणांक काढण्याचा आणि पट्टी होती पोलादाची. उत्तर आणि प्रमाण किंमत यांच्यात जवळजवळ पंचवीस हजार पटींचा फरक होता. पॅरॅलॅक्समुळे सूक्ष्मदर्शकाचं वाचन एखाददुसऱ्या भागाने सरकतं, त्याने पोलादाचं रबर होत नाही. वहीतल्या आकड्याएवढा गुणांक खरोखरच रबराचा असतो. इतका मोठा फरक दिसला की मी वाचनांचा तक्ता उघडतच नाही. मी आधी सूत्र बघते, मग किमती घातलेली ओळ आणि सगळ्यांत शेवटी निरीक्षणं. या वहीत तो क्रम फार उपयोगी पडला, कारण निरीक्षणं अगदी चांगली घेतलेली होती.

प्रयोग साधा आहे. पट्टी दोन धारदार आधारांवर आडवी ठेवायची, बरोबर मध्ये वजनं टांगायची आणि मध्यबिंदू किती खाली गेला ते ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने मोजायचं. या खाली जाण्याला वर्गात सगळे डिप्रेशन म्हणतात. वहीतली मापं अशी होती: आधारांमधलं अंतर ८०.० सेंमी, पट्टीची रुंदी २.५० सेंमी, जाडी स्क्रू गेजने ५.०० मिमी, आणि ५०० ग्रॅम वस्तुमानाला सरासरी डिप्रेशन ०.१०१ सेंमी. त्याने वापरलेलं सूत्र आणि त्याखालची ओळ जशी होती तशी देते:

```
Y = M L^3 / (4 b^3 d δ)

Y = 500 × 80^3 / (4 × 2.50^3 × 5.00 × 0.101)
  = 8.11 × 10^6 N/m^2
```

दुसऱ्या ओळीत एकही एकक नाही. शेवटी मात्र `N/m^2` अवतरलं आहे. वरच्या आकड्यांमधून ते निघालेलं नाही, उत्तराला काय एकक असायला हवं हे पाठ होतं म्हणून लिहिलं गेलं. एककांच्या बहुतेक चुका इथेच लपतात. मी त्याला बोलावलं आणि वही उलटी फिरवून त्याच्यासमोर ठेवली.

"यातला ५०० म्हणजे ५०० काय?" मी विचारलं.

"ग्रॅम, मॅडम."

"आणि ५.०० म्हणजे?"

तो थांबला. स्क्रू गेजच्या तक्त्याकडे पान उलटून गेला आणि म्हणाला, "मिलिमीटर."

एककांकडे वळण्याआधी आम्ही मिती बघितल्या, कारण सूत्रच चुकीचं असेल तर एककं बदलून काही हाती लागत नाही. मिती लिहिताना मी चौकोनी कंस वापरायला लावते. सूत्रातला `M` हे टांगलेलं वस्तुमान आहे आणि मितीतला `[M]` ही वस्तुमानाची मिती आहे. `L` चंही तसंच. कंस नसले की ही अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि तपासणी करणारा स्वतःच चुकतो.

यंगचा गुणांक म्हणजे प्रतिबल भागिले विकृती. विकृतीला मिती नाही, त्यामुळे गुणांकाची मिती प्रतिबलाचीच, म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ती डावी बाजू. उजव्या बाजूला त्याच्या सूत्रातून काय येतं ते खाली आहे:

```
डावी बाजू  : [M][L]^-1[T]^-2
उजवी बाजू : [M][L]^3 / ([L]^3 [L] [L]) = [M][L]^-2
डावी / उजवी = [L][T]^-2
```

बाजू जुळत नाहीत एवढं कळल्यावर पुष्कळ जण थांबतात आणि पुस्तकातून सूत्र पुन्हा उतरवून घेतात. मला त्यापुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही बाजूंचा भागाकार केला की काय हरवलं आहे तेच समोर येतं. इथे `[L][T]^-2` उरलं, म्हणजे त्वरणाची मिती. या प्रयोगात त्वरण एकच आहे, गुरुत्वत्वरण. उजव्या बाजूला नुसती वेळ आली नाही म्हणून बल हरवलं असावं, असा अंदाज बांधता आला असता. पण भागाकाराने नेमकं नाव सांगितलं: वस्तुमान आहे, त्याला `g` ने गुणायचं राहिलं आहे.

ते का राहिलं हे त्याच्या कच्च्या वहीत सापडलं. तिथे सूत्राचा अंश बरोबर होता, `M g L^3` असा. त्याखाली त्याने लिहिलं होतं `M g = 500 g`. सूत्रातला `g` त्याने ग्रॅम म्हणून वाचला आणि किंमत घालताना एकक समजून गाळला. पक्क्या वहीत उतरवताना तर सूत्रातूनच तो `g` गेला. ही चूक मी पूर्वीही बघितली आहे आणि ती आळसाची नाही. छापील मजकुरात राशीचं चिन्ह तिरप्या अक्षरात आणि एकक सरळ अक्षरात देतात ते याचसाठी. हातानं लिहिताना तो फरक पुसला जातो. म्हणून हाताने लिहिताना वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेतलेलं बरं. `kg` ला `g` समजण्याची वेळ येत नाही.

आता एककं. त्याला मी सूत्रात आकड्याबरोबर एककही लिहायला सांगितलं आणि एककांचीही आकड्यांसारखीच काटाकाट करायला लावली. सध्या `g` सोडून, जशी ओळ होती तशीच:

```
g × cm^3 / (cm^3 × mm × cm) = g / (mm cm)
```

हे एकक कागदावर दिसल्यावर त्याच्याच लक्षात आलं की `8.11 × 10^6` हा आकडा `N/m^2` मध्ये नव्हताच. तो होता ग्रॅम प्रति मिलिमीटर प्रति सेंटिमीटर. आकडा त्या एककात पूर्णपणे बरोबर होता, गणित चुकलेलं नव्हतं. तिथून पुढे आम्ही एकेक पायरी उतरलो. हरातला एक मिलिमीटर म्हणजे ०.१ सेंटिमीटर, म्हणून आकडा दहापट होऊन `8.11 × 10^7 g/cm^2` झाला. त्याला `980 cm/s^2` ने गुणल्यावर `7.95 × 10^10 dyne/cm^2` आला. एक डाइन म्हणजे `10^-5` न्यूटन आणि एक चौरस सेंटिमीटर म्हणजे `10^-4` चौरस मीटर, म्हणून `1 dyne/cm^2` बरोबर `0.1 N/m^2`. उत्तर आलं `7.95 × 10^9 N/m^2`.

मिती जुळल्या होत्या, एककं जुळली होती, तरी उत्तर पोलादाचं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कारण तपासणीत सांगितलेलं सगळं त्याने केलं होतं. मितींची तपासणी इथपर्यंतच आणते, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते यापुढचं.

सूत्राच्या हरात `b^3 d` आहे. बरोबर सूत्रात `b d^3` असतं, `b` रुंदी आणि `d` जाडी. दोन्हींची मिती `[L]^4` च आहे. रुंदीचा घन करा की जाडीचा, मितींना त्यातला फरक दिसत नाही, कारण दोन्ही लांब्याच आहेत. हीच गोष्ट त्या ४ ची. नुसत्या आकड्याला मिती नसते, त्यामुळे तो चुकला तरी मिती जुळतातच. पट्टी एका टोकाला घट्ट पकडून दुसऱ्या टोकाला वजन टांगलं, तर ४ हरातून उठून अंशात जातो आणि उत्तरात सोळा पटींचा फरक पडतो. मिती दोन्ही सूत्रांच्या सारख्याच.

मग ही चूक पकडायची कशी? मला दोन वाटा माहीत आहेत आणि दोन्ही त्या दिवशी वापरल्या. पहिली वाट हाताची. मी टेबलावरची पट्टी उचलून त्याच्या हातात दिली. आधी आडवी धरून वाकवायला लावली, मग तीच पट्टी कडेवर उभी धरून. आडवी धरल्यावर ती सहज वाकली, उभी धरल्यावर हलेना. म्हणजे बलाच्या दिशेतलं माप वाकण्याला फार जास्त अडवतं आणि आडव्या दिशेतलं माप थोडंच. घन त्या मापाचा, जे वजनाच्या दिशेत उभं आहे. आडव्या ठेवलेल्या पट्टीत ती जाडी. सूत्राची व्युत्पत्ती बघितली तरी हेच निघतं. आयताकृती छेदाचा क्षेत्र-आघूर्ण `I = b d^3 / 12` असतो आणि मध्यभागी `W = M g` एवढा भार असलेल्या पट्टीचं डिप्रेशन `W L^3 / (48 Y I)`. ४८ भागिले १२ म्हणजे तो ४.

दुसरी वाट आकड्यांची. उरलेल्या फरकाचं गुणोत्तर काढायचं आणि ते आपल्याच मापांमधून बनतं का ते बघायचं. `2 × 10^11` ला `7.95 × 10^9` ने भागलं की सुमारे २५ येतं. रुंदी भागिले जाडी म्हणजे २.५० सेंमी भागिले ०.५०० सेंमी, म्हणजे ५. आणि ५ चा वर्ग २५. `b d^3` ऐवजी `b^3 d` लिहिल्यावर उत्तर नेमकं `(b/d)^2` पटीने लहान होतं. निरीक्षणातल्या त्रुटी असं स्वच्छ गुणोत्तर देत नाहीत. फरक १०, १०००, ९.८, २, १६ किंवा आपल्याच दोन मापांच्या गुणोत्तराचा घात निघाला, तर चूक उपकरणात शोधू नये, कागदावर शोधावी. या वाटेला एक मर्यादा आहे आणि ती मी त्याला मोकळेपणी सांगितली. प्रमाण किंमत माहीत असेल तरच ती चालते. अनोळखी धातूची पट्टी असती, तर आपल्याला पहिल्याच वाटेवर भिस्त ठेवावी लागली असती.

अक्षरांची अदलाबदल कुठून आली, तेही निघालं. सूत्र त्याने एका मित्राच्या वहीतून उतरवलं होतं. त्या वहीत `b` म्हणजे जाडी होती आणि `d` म्हणजे रुंदी. मापं मात्र त्याने स्वतःच्या तक्त्यातून घेतली, जिथे `b` रुंदी होती. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर होत्या. म्हणून सूत्राखाली "येथे `b` = रुंदी, `d` = जाडी" अशी ओळ नसेल तर मी सूत्र तपासायलाच घेत नाही. अर्थ न सांगितलेल्या अक्षरांची मितीसुद्धा आपण फक्त गृहीत धरत असतो.

तो वही घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं पान घेऊन आला. सूत्र बरोबर, `g` जागेवर, प्रत्येक आकड्यापुढे एकक. उत्तर होतं `1.99 × 10^9 N/m^2`. आकडे ओळखीचे, पण शंभरपट लहान. त्याच्या ओळीतला हा तुकडा बघा:

```
d^3 = (5.00 mm)^3 = 125 mm^3 = 12.5 cm^3
```

दहा मिलिमीटरचा एक सेंटिमीटर, म्हणून त्याने १२५ ला दहाने भागलं. पण घन आकड्याबरोबर एककाचाही होतो. एक घन सेंटिमीटर म्हणजे १००० घन मिलिमीटर, त्यामुळे १२५ घन मिलिमीटर म्हणजे ०.१२५ घन सेंटिमीटर. हरातला आकडा शंभरपट मोठा झाला आणि उत्तर शंभरपट लहान. पहिल्या दिवशी ही चूक दिसली नव्हती, कारण तेव्हा मिलिमीटरचा घन होतच नव्हता. एक चूक दुरुस्त केल्यावर दुसरी उघडी पडते, असं या कामात वारंवार होतं. अशा वेळी विद्यार्थ्याला वाटतं की दुरुस्तीच चुकली आणि तो मागे फिरतो. तसं होऊ नये म्हणून मी आधी त्याची दुरुस्ती बरोबर असल्याचं सांगितलं आणि मग घनावर बोट ठेवलं.

यावरचा उपाय साधा आहे. घात करण्याआधी माप पायाभूत एककात आणायचं, घात केल्यावर नाही. `5.00 mm` ला आधी `5.00 × 10^-3 m` करायचं आणि मग घन. त्याच पानावर त्याने सगळी मापं मीटर आणि किलोग्रॅममध्ये लिहिली:

```
Y = 0.500 × 9.80 × (0.800)^3
    / [4 × 0.0250 × (5.00×10^-3)^3 × 1.01×10^-3]
  = 1.99 × 10^11 N/m^2
```

एककांची काटाकाट अंशात `kg m/s^2 × m^3` आणि हरात `m × m^3 × m`. उरतं `N/m^2`. या वेळी ते एकक ओळीतून निघालं.

उत्तर आलं तरी वही संपली नव्हती, कारण त्यात आलेखही होता. वस्तुमान आडव्या अक्षावर, डिप्रेशन उभ्या अक्षावर, बिंदू सरळ रेषेत. चढ काढताना त्याने रेषेचा कोन कोनमापकाने मोजला होता आणि लिहिलं होतं, `चढ = tan 45° = 1`. मितींच्या नजरेने बघितलं तर ही ओळ जागच्या जागी पडते. `tan` ला मिती नसते, आणि या आलेखाच्या चढाला सेंटिमीटर प्रति ग्रॅम हे एकक आहे. कोन येतो तो आपण निवडलेल्या प्रमाणावरून. त्याने आडव्या अक्षावर एक सेंमीला २५० ग्रॅम आणि उभ्या अक्षावर एक सेंमीला ०.०५ सेंमी घेतले होते, म्हणून रेषा पंचेचाळीस अंशांजवळ आली. उभ्या अक्षावर ०.१ सेंमी घेतले असते तर तीच निरीक्षणं सुमारे सत्तावीस अंशांवर गेली असती. पट्टी तीच, पोलाद तेच.

चढ रेषेवरच्या दोन दूरच्या बिंदूंच्या किमतींवरून काढायचा, अक्षांच्या एककांसकट. तो आला `2.02 × 10^-4 cm/g`, म्हणजे `2.02 × 10^-3 m/kg`. इथे तो एकदा अडला, कारण सेंटिमीटरचा मीटर करताना शंभराने भागायचं आणि हरातल्या ग्रॅमचा किलोग्रॅम करताना हजाराने गुणायचं. एकूण दहाने गुणायचं. आलेखाचं सूत्र `Y = g L^3 / (4 b d^3 × चढ)` असं होतं. त्यात `M` नसतो, तो चढाच्या हरात गेलेला असतो. काही वह्यांमध्ये चढ घालूनही अंशात `M` तसाच राहतो. मितींचा भागाकार केला तर जास्तीचा `[M]` लगेच उघडा पडतो. या वहीत ती चूक नव्हती. आलेखावरूनही `1.99 × 10^11` आलं.

उरली त्रुटी. वहीत लिहिलं होतं `ΔY = 0.038 N/m^2`. शेकडो अब्जांच्या संख्येला शेकड्यातल्या भागाची त्रुटी, हे नुसतं वाचूनही खटकायला हवं. चूक पुन्हा एककाचीच होती. `ΔL/L`, `Δb/b` अशा पदांची बेरीज सापेक्ष त्रुटी देते, आणि तिला एकक नसतं. त्याने बेरीज `ΔY/Y` ची केली आणि नाव `ΔY` चं दिलं. शिवाय घनाचे तीन जुन्या सूत्राप्रमाणे रुंदीला लावलेले होते, तेही बदलावे लागले:

```
ΔY/Y = 3(0.1/80.0) + 0.01/2.50 + 3(0.01/5.00) + 0.002/0.101
     = 0.0038 + 0.0040 + 0.0060 + 0.0198 ≈ 0.034
ΔY = 0.034 × 1.99×10^11 ≈ 0.07×10^11 N/m^2
```

या ओळीत प्रत्येक कंसात वर आणि खाली एकच एकक आहे का, एवढंच बघायचं. पहिल्या दोन पदांत सेंटिमीटर, जाडीत मिलिमीटर, डिप्रेशनमध्ये सेंटिमीटर. पदापदांत एककं वेगळी असली तरी चालतात, एका पदाच्या आत नाही. डिप्रेशन दोन वाचनांच्या वजाबाकीतून येतं, म्हणून तिथे ०.००१ सेंमीच्या लघुत्तम मापाची दुप्पट घेतली आहे. एकूण त्रुटीतला निम्म्याहून अधिक वाटा त्याच पदाचा आहे. पॅरॅलॅक्सचं नाव घ्यायचंच तर ते इथे, तीनेक टक्क्यांच्या आत.

शेवटच्या चौकटीत आता `Y = (1.99 ± 0.07) × 10^11 N/m^2` आहे. सही करण्याआधी मी त्याला आकृतीत `L` कुठून कुठपर्यंत ते दाखवायला सांगितलं, कारण आकृतीत बाण नव्हते. पट्टी एक मीटर लांब होती. आधारांमधल्या अंतराऐवजी तिची पूर्ण लांबी घेतली असती, तर मिती आणि एककं तशीच जुळली असती आणि उत्तर मात्र जवळजवळ दुप्पट झालं असतं. त्याने पेन्सिल घेतली, एका आधाराच्या धारेपासून दुसऱ्या आधाराच्या धारेपर्यंत बाण काढला आणि वर लिहिलं, `L = 0.800 m`.